उशा किती घेता?

माझी एमबीबीएसची मेडिसिनची वही अजून माळ्यावर आहे. तिच्यात मायट्रल स्टेनोसिसला, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची झडप अरुंद होण्याच्या आजाराला, साडेचार पानं दिलेली आहेत. कारणं, झडपेतले बदल, लक्षणं, तपासणीतल्या खुणा, गुंतागुंत, उपचार. प्रत्येक मथळ्याखाली लाल पेनाची दुहेरी रेघ. ती पानं पाठ करून मी पहिल्यांदा वॉर्डात केस सांगायला उभी राहिले. अडीच मिनिटांत सरांनी हात वर केला आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे. बाईंना काय होतंय?" मला सांगता येईना. बाई समोर खाटेवर बसलेल्या होत्या आणि सकाळीच त्यांनी मला सगळं सांगितलं होतं.

सरकारी किंवा कॉलेजच्या रुग्णालयात आपलं माणूस दाखल झालं असेल तर हा प्रसंग तुम्ही पाहिलेला असेल. सकाळी नऊच्या सुमारास सिस्टर चादरी सारख्या करायला लावतात, मामा नातेवाइकांना बाहेर काढतात आणि पांढऱ्या कोटांचा घोळका एकेका खाटेपाशी थांबत पुढे सरकतो. प्रत्येक खाटेपाशी एखादा मुलगा किंवा मुलगी पाच-सात मिनिटं भरभर इंग्रजीत बोलते. मोठे डॉक्टर मध्येच एखादा प्रश्न टाकतात, पोटाला हात लावून बघतात, केस पेपरवर दोन ओळी लिहितात आणि पुढे जातात. त्या बोलण्याला केस प्रेझेंट करणं म्हणतात. आधी रुग्णाची हकीकत, मग तपासणी, मग निदान आणि शेवटी पुढे काय करायचं ते, असा त्याचा ठरलेला क्रम. युनिटमधल्या प्रत्येकाची कहाणी मोठ्या डॉक्टरांनी पहिल्यापासून ऐकलेली नसते, त्यामुळे रुग्णाचं पुढे काय होणार हे बरंचसं या पाच-सात मिनिटांत ठरतं.

विद्यार्थ्याला वाटतं, वहीतल्या साडेचार पानांची एक पान करायची की झालं. तिथेच तो फसतो. लेक्चरमध्ये आजाराचं नाव फळ्यावर पहिल्या ओळीत असतं आणि लक्षणं त्याच्या मागून येतात. खाटेपाशी आधी दम येतो, मग धडधड, मग कधीकाळी सुजलेला गुडघा, आणि नाव सगळ्यांत शेवटी, तेही सिद्ध करून दाखवल्यावर. शिवाय वहीत त्या आजाराच्या शेकडो रुग्णांत मिळून जे जे दिसतं ते सगळं लिहिलेलं असतं. समोरच्या एका बाईत त्यातलं निम्मंही नसतं, आणि तिच्यात जे असतं त्यातलं काही वहीत कुठेच नसतं. म्हणून वही आखडून भागत नाही, ती उलटी वाचावी लागते.

उदाहरणासाठी हाच आजार घेते. पाच ते पंधरा या वयात स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे मुलांचा घसा येतो. त्यातल्या काही मुलांत, दोन-तीन आठवड्यांनी, जिवाणूशी लढायला उभी राहिलेली शरीराची फौज स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. हा रुमॅटिक फीव्हर. सांधे पूर्ण बरे होतात, हृदयाच्या झडपा मात्र अनेकदा होत नाहीत. मायट्रल झडपेच्या दोन पाकळ्या कडांना चिकटत जातात. निरोगी झडप उघडली की रक्ताला चार ते सहा चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. ती दीडवर किंवा त्याखाली आली की आजार तीव्र धरतात. (माझ्या वहीत इथे एक हा आकडा आहे. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी तो २०१४ मध्ये बदलला. वह्या शिळ्या होतात, आणि कुठलं पान शिळं झालं ते वही सांगत नाही.) वाट अरुंद झाली की रक्त मागे, फुप्फुसांत तुंबतं. ही वाट फक्त दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात उघडी असते. हृदय धावायला लागलं की तो मधला वेळच कमी होतो, म्हणून तापात, बाळंतपणात, जड कामात ही माणसं एकाएकी दमतात. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की असली तर पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुचतात.

आता रुग्ण. मी पाहिलेल्या काही बायकांवरून ही एक बाई रचली आहे, तेव्हा तिला नाव नाही. वय ३४, कोकणातल्या खेड्यातली, शेतीचं आणि घरचं काम, दोन मुलं. दम लागतो म्हणून रात्री दाखल झाली. विद्यार्थिनी सकाळी सातला पॅड घेऊन तिच्याशेजारी स्टुलावर बसली आहे.

वहीतली ओळ म्हणते: श्रमाने लागणारा दम. हा शब्द बाईला विचारायचा कसा? "दम लागतो का?" असं विचारलं तर ती "हो" म्हणेल आणि आपण होतो तिथेच राहू. विचारायचं असं की, "ताई, पूर्वी काय काय व्हायचं, जे आता होत नाही?" मग ती सांगते, "दोन वर्षांमागं भरला हंडा घेऊन पाखाडी एका दमात चढायचे. औंदा मधे दोनदा बसावं लागतं. आणि आठ दिवस झाले, नुसती अंघोळ केली तरी जीव घाबरा होतो." दमाच्या चार पायऱ्या न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने ठरवून दिल्या आहेत आणि जगभर त्याच वापरतात. नेहमीच्या कामाने दम लागला तर दुसरी पायरी, त्याहून हलक्या कामानेही लागला तर तिसरी, बसल्या जागी लागला तर चौथी. बाईच्या तीन वाक्यांत दुसरीवरून तिसरीवर आल्याची तारीखसुद्धा आहे. राउंडला म्हणायचं ते एवढंच: "दोन वर्षांपासून दुसऱ्या पायरीचा दम, आठ दिवसांपासून तिसऱ्या पायरीचा." पण हंडा आणि अंघोळ विचारल्याशिवाय हे वाक्य हाती लागत नाही, आणि सर त्यावर "कशावरून?" असं विचारणारच.

पुढची ओळ: आडवं झाल्यावर लागणारा दम. पुस्तकाने यासाठी शिकवलेला प्रश्न म्हणजे, उशा किती घेता? दोन-तीन उशा लागत असतील तर फुप्फुसांत रक्त तुंबतंय असं समजायचं. विद्यार्थिनीने विचारलं. बाई म्हणाली, "एकच." विद्यार्थिनीने लिहिलं, हे लक्षण नाही. माझ्या हातूनही एकेकाळी अगदी हेच झालं होतं. सरांनी त्या दिवशी बाईंना म्हटलं, "रात्री कशा झोपता, दाखवा बरं." बाई उठल्या आणि खाटेच्या लोखंडी दांड्याला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. घरात उशी एकच होती, आणि गेले कित्येक दिवस त्या भिंतीला टेकून बसूनच डोळा लावत होत्या. वहीतला प्रश्न बरोबर होता, उत्तरही खरं होतं, आणि निष्कर्ष साफ चुकला. तेव्हापासून मी उशांबरोबर भिंतही विचारते.

धडधडीचंही तसंच. "छातीत धडधडतं का?" याला कुणीही हो म्हणेल. "कसं धडधडतं, बोटांनी वाजवून दाखवा" असं म्हटलं की खरं कळतं. आपली बाई स्टुलावर बोटांनी ताल धरते, आणि त्याला तालच नसतो. दोन लवकर, एक उशिरा, मध्ये गॅप, पुन्हा तीन भरभर. आठ दिवसांपासून असं आहे. दम वाढला तोही आठ दिवसांपूर्वीच. वहीत 'एट्रियल फिब्रिलेशन' हा शब्द गुंतागुंतीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पडून आहे. इथे मात्र, बाई आजच का आली, याचं उत्तरच बहुधा तो आहे. वरचा कप्पा एकसारखं आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरायला लागला, ठोके बेशिस्त आणि जलद झाले, अरुंद वाटेतून जायला मिळणारा वेळ आणखी कमी झाला. हकीकत सांगताना या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवायच्या. वहीत त्या दोन पानांच्या अंतरावर आहेत.

"रुमॅटिक फीव्हर झाला होता का?" याला होकार देणारा रुग्ण मला फारसा भेटला नाही. "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? एक सांधा बरा होऊन दुसरा धरला होता का? शाळा बुडाली होती का?" असं विचारलं की आठवण वर येते. ही बाई चौथीत असताना आधी गुडघा सुजला, तो उतरला तसा घोटा. आईने वात म्हणून लेप लावला. महिनाभर शाळा बुडाली. घसा आला होता का ते तिला आठवत नाही, आणि पंचवीस वर्षांनी आठवावं अशी अपेक्षाही नाही.

दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात असाच दम लागला होता, बाळंतपणानंतर गेला. गरोदरपणात रक्तातला द्रवभाग सुमारे निम्म्याने वाढतो, त्यामुळे झडप तेव्हाच अरुंद होती याचा हा पुरावा. तीन महिन्यांपूर्वी थुंकीतून दोनदा रक्त पडलं. गावच्या डॉक्टरांना टीबीची शंका आली आणि ती योग्यच होती. थुंकी दोनदा तपासली, टीबी निघाला नाही. आणि एक प्रश्न, जो माझ्या साडेचार पानांत कुठेच नव्हता: शेवटची पाळी कधी आली? बाई म्हणते, दीड महिना झाला. विद्यार्थिनी हे लिहून घेते, का ते तिला अजून माहीत नाही.

मग येतात 'नाही'ची वाक्यं. नवख्या मुलांना हे आवडतं, ती एका श्वासात तीस गोष्टी नाही म्हणून सांगतात आणि ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. प्रत्येक 'नाही'ने एखादी शंका मिटली पाहिजे. ताप नाही, म्हणजे झडपेवर जंतूंनी घर केल्याची शक्यता कमी. हातापायातली शक्ती गेली नाही, बोलणं अडखळलं नाही, म्हणजे हृदयातली गुठळी निसटून मेंदूत गेलेली दिसत नाही. वजन उतरलं नाही, म्हणजे टीबीचं पारडं हलकं. इतकी पुरेत. डोकं दुखत नाही, लघवीला जळजळ नाही, हे केस पेपरवर असू द्यावं, तोंडी सांगू नये.

हकीकतीला मी इतका वेळ देते त्याला आधार आहे. १९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांचा हिशोब मांडला होता. त्यातल्या ६६ जणांत नुसत्या हकीकतीवरून केलेलं निदान शेवटी बरोबर ठरलं. अंगाला हात लावून तपासल्याने सात जणांत ते बदललं, प्रयोगशाळेच्या तपासण्यांनी आणखी सात जणांत. पन्नास वर्षांत यंत्रं पुष्कळ पुढे गेली, पण कुठलं यंत्र लावायचं हे अजूनही गोष्ट ऐकूनच ठरतं.

तपासणीच्या भागात वही दुसऱ्या तऱ्हेने दगा देते. तिथे रुग्णात नसलेल्या खुणा वहीतून रुग्णात शिरतात. माझ्या वहीत आहे: गालांवर निळसर-लाल झाक. पाश्चात्त्य पुस्तकांतली ही खूण गोऱ्या कातडीची, आपल्याकडच्या सावळ्या गालांवर ती क्वचितच दिसते. तरी दरवर्षी एखादा तरी ती 'दिसली' म्हणून सांगतोच.

याहून मजेशीर चूक आवाजाची आहे. अरुंद झडपेतून रक्त घुसताना दोन ठोक्यांच्या मध्ये घरघर ऐकू येते, जात्याच्या लांबून येणाऱ्या आवाजासारखी खोल. ती नुसती स्टेथोस्कोप टेकवून ऐकू येत नाही. बाईला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास सोडून थांबायला सांगायचं, आणि स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू, जड न दाबता, हृदयाच्या टोकावर ठेवायची. वहीत पुढे असं लिहिलंय की पुढचा ठोका पडण्याआधी ही घरघर जराशी मोठी होते. खरं आहे, पण ती मोठी होते कारण त्या क्षणी वरचा कप्पा जोर लावून उरलेलं रक्त ढकलतो. आपल्या बाईचा वरचा कप्पा थरथरतोय, तो जोर लावतच नाही. त्यामुळे तिच्यात हा चढ सहसा ऐकू यायचा नाही. विद्यार्थिनी म्हणाली, "नाडी पूर्णपणे अनियमित आहे," आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "ठोक्याआधी घरघर वाढते." दोन्ही वाक्यं आपापल्या जागी वहीत बरोबर आहेत. पण एकाच बाईबद्दल दोन्ही म्हटली की जाणत्याला लगेच कळतं, दुसरं वाक्य कानाने ऐकलेलं नाही, पानावरून वाचलेलं आहे. राउंडला यासारखी नाचक्की नाही. ऐकू आलं नसेल तर "मला ऐकू आलं नाही" म्हणावं. त्याला कुणी मार्क कापत नाही, निदान माझ्या युनिटमध्ये तरी कापले नाहीत.

नाडीचंही काम नीट करायचं. नियमित नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणली तर चालून जातं, ही नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी लागते. दुसऱ्या कुणीतरी त्याच मिनिटात, त्याच घड्याळावर, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचे ठोके मोजायचे. मनगटाला १०४ आले, छातीवर १२८. मधले २४ ठोके गेले कुठे? ते इतक्या लवकर पडले की खालच्या कप्प्यात रक्तच भरलं नव्हतं. हृदय आकुंचन पावलं, पण मनगटापर्यंत लाट पोचली नाही. असे दोन आकडे स्वतः मोजून सांगणाऱ्या विद्यार्थ्याकडे सर मान वळवून बघतात.

बाकी खुणा मी क्रमाने सांगायला लावते, कारण क्रमातच अर्थ असतो. मानेची शीर फुगलेली, यकृत दोन बोटं सुजून दुखरं, पायांवर किंचित सूज, म्हणजे दाब आता फुप्फुसांपलीकडे हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत पोचलाय. पहिला ठोका मोठा, लगेच पुढे झडप उघडल्याचा 'टक' असा आवाज, म्हणजे पाकळ्या चिकटल्या असल्या तरी अजून लवचीक आहेत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, योजनेत ती परत येणार आहे. फुप्फुसांच्या तळाशी बारीक चुरचुर. बोटांची नखं ठीक, प्लीहा हाताला लागत नाही, हातापायात जोर सारखा.

आता निदान. विद्यार्थिनी म्हणते, "मायट्रल स्टेनोसिस." हे लेक्चरचं शीर्षक झालं. निदानाच्या वाक्यात मूळ कारण, कुठली झडप आणि किती, दाब कुठपर्यंत पोचला, हृदयाचा ताल कसा, बाई सध्या कुठल्या पायरीवर आणि काय नाही, हे सगळं एका दमात यावं लागतं. म्हणजे असं: "रुमॅटिक हृदयविकार, तीव्र वाटणारं मायट्रल स्टेनोसिस, फुप्फुसांतला दाब वाढलेला, उजव्या बाजूवर ताण, एट्रियल फिब्रिलेशन, दम तिसऱ्या पायरीचा, झडपेला जंतुसंसर्ग किंवा मेंदूला गुठळी झाल्याच्या खुणा नाहीत." हे वाक्य बोलायला तीस सेकंदही लागत नाहीत, पण तयार करायला सकाळचा तास जातो. त्यातलं प्रत्येक पद पुढच्या योजनेतली एकेक गोष्ट मागतं, म्हणून त्यातलं काही गाळता येत नाही.

पाठोपाठ प्रश्न येतो, "दुसरं काय असू शकतं?" वहीत सहा नावांची यादी आहे. ती म्हणून दाखवायची नसते, या बाईच्या बाबतीत खरोखर शंका यावी अशी दोन-तीनच नावं घ्यायची. टीबी, कारण रक्त पडलं, पण ताप नाही, वजन उतरलं नाही, थुंकी साफ. हृदयाच्या वरच्या कप्प्यातली मिक्सोमा नावाची गाठ, कारण तीही रक्ताची वाट अडवून असाच आवाज देते, पण लहानपणचे सुजलेले सांधे तिच्या बाजूने बोलत नाहीत. इकोकार्डिओग्राफीत दोन्ही एका नजरेत वेगळी होतील. इतकं बोलून थांबावं.

योजना हा सगळ्यांत दुबळा भाग असतो, कारण वहीत 'उपचार' या मथळ्याखाली औषधांचे गट आणि शस्त्रक्रियांची नावं असतात, वेळ नसते. खाटेपाशी उपचाराला वेळ असते: आज, या मुक्कामात, घरी गेल्यावर. आज काय? लघवी वाढवणारं इंजेक्शन देऊन तुंबलेलं पाणी कमी करायचं, ठोक्यांची गती आवरायची, ईसीजी काढायचा, इको करायचा, रक्तातलं हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि थायरॉइड बघायचं. हे मुलं बरोबर सांगतात. मग म्हणतात, "रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन सुरू करू." कारण थरथरणाऱ्या कप्प्यात गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. हेही बरोबर. हल्लीची मुलं इथे नव्या गोळ्यांचं नाव घेतात, ज्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही. रुमॅटिक झडपेच्या रुग्णांत मात्र २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस नावाच्या मोठ्या अभ्यासात त्यातल्या रिव्हारोक्सबानपेक्षा वॉरफरिनच्या जातीची जुनी औषधंच सरस ठरली, मृत्यूही कमी झाले.

आणि इथे ती पाळी परत येते. दीड महिना झाला होता. वॉरफरिन गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, घातक ठरू शकतं. म्हणून वॉरफरिनची पहिली गोळी देण्याआधी गर्भाची लघवी तपासणी, आणि तोवर हेपॅरिनचं इंजेक्शन. तपासणी होकारार्थी आली तर योजना पूर्ण बदलते, कारण मग दमाचं एक कारणही तेच असेल. विद्यार्थिनीने सकाळी कारण न कळता लिहिलेली ती एक ओळ आता योजनेच्या मध्यावर येऊन बसली. मेडिसिनच्या वहीत पाळी नाही, ती स्त्रीरोगाच्या वहीत आहे. बाईच्या अंगात वह्या वेगळ्या नसतात.

या मुक्कामात पुढचं ठरवायचं ते झडपेचं. पाकळ्या लवचीक असतील, झडप उलट बाजूला गळत नसेल आणि वरच्या कप्प्यात गुठळी नसेल, तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करता येते. हा फुगा जपानचे शल्यविशारद कान्जी इनोऊए यांनी तयार केला, आणि १९८२ पासून तो वापरात आहे. छाती उघडावी लागत नाही. तो 'टक' आवाज सांगायला म्हटलं होतं ना, तो याच्यासाठी: पाकळ्या अजून हलतात, म्हणजे फुग्याची आशा आहे. खात्री मात्र इकोवरच करायची.

घरी गेल्यावरचा भाग मुलं गाळतातच. रुमॅटिक फीव्हर पुन्हा उलटू नये म्हणून बेंझाथीन पेनिसिलिनचं बारा लाख युनिटचं इंजेक्शन, चाचणी करून, दर तीन आठवड्यांनी. झडप बिघडलेली असेल तर किमान दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, यातलं जे लांब असेल तोवर. बाईच्या गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे? तिथे हे इंजेक्शन मिळतं का? वॉरफरिनसाठी रक्ताची आयएनआर तपासणी दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायची, ती कुठे होईल, एसटीचं भाडं किती? नवरा किंवा सासू बरोबर येईल का? विद्यार्थिनीला हे विचारलं की ती गप्प होते. मग ती राउंड संपल्यावर परत जाऊन विचारते, आणि पुढच्या केसला आधीच विचारून येते.

शिकवताना मी मुलांना एक साधी कृती करायला सांगायचे. वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे वहीतली ओळ जशीच्या तशी राहील. उजवीकडे त्याच ओळीसमोर रुग्णाला विचारायचा प्रश्न त्याच्या बोलीत लिहा, किंवा हाताने-कानाने काय बघायचं ते लिहा. रुग्णाकडून परत आलात की ज्या ओळींसमोर काही मिळालं नाही त्या खोडा, ज्यांचं 'नाही' कामाचं आहे त्यांना गोल करा, आणि जे वहीत नव्हतं पण बाईने सांगितलं ते खाली लाल शाईने लिहा. मग कागद बाजूला ठेवून, बाईकडे बघत बोला. मध्ये एकदा तिला विचारा, "ताई, बरोबर सांगितलं ना?" इंग्रजी तिला कळत नसलं तरी 'आठ दिवस' आणि 'दोन वर्षं' हे मराठीत म्हटलं की ती मान हलवते, किंवा चुकलं असेल तर थांबवते. दहा दिवस झाले हो, आठ नाही, असं सांगणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत.

तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी कधी अशा वॉर्डात असाल आणि पॅड घेतलेली एखादी मुलगी स्टूल ओढून बसली, तर तिला वेळ द्या. जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटं, एक्सरे तिच्यासमोर ठेवा. झोपता कसे ते दाखवा. आणि लहानपणी ताप येऊन एकामागून एक सांधे सुजले होते का, हे तिने विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.